शून्य छेद शून्य, आणि घडीत हरवलेली रेघ

मंडळी, या महिन्यातलं सदर एका चुकीच्या कबुलीने सुरू करतो. चूक माझी आहे, आणि ती एका फोटोवरून झाली.

माझी पुतणी इंदूरला अकरावीत आहे. रविवारी सकाळी तिने क्लासच्या वर्कशीटचा फोटो पाठवला. कागद दप्तरात चार घड्या होऊन पडलेला, फोटो पलंगावर ठेवून काढलेला, वर पंख्याची सावली. विषय लिमिट, म्हणजे आपल्या मराठी पुस्तकांतली सीमा. एकूण दहा गणितं होती. सात बरोबर आली होती, तीन उत्तरसूचीशी जुळत नव्हती. खाली तिचा निरोप होता, "काका, उद्या टेस्ट आहे. ही तीन कितीही वेळा केली तरी माझंच उत्तर येतं. सूची चुकलीय का?"

तिच्या तीन गणितांपैकी पहिलं फोटोत असं दिसत होतं:

lim (x→2) (x² − x − 6) / (x² − 4)

तिचं उत्तर 3/4, सूचीतलं 5/4. मी चहा पिता पिता तिची रीत पाहिली. वरच्याचं डेरिव्हेटिव्ह 2x − 1, खालच्याचं 2x, x च्या जागी 2 ठेवले की 3/4. डेरिव्हेटिव्ह बरोबर, आकडेमोड बरोबर. मी लिहून टाकलं, "तुझं बरोबर आहे, छपाईची चूक असेल." तिने तो निरोप लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकला. चाळीस मुलांनी आपापल्या वहीत 5/4 खोडून 3/4 केलं.

दुपारी पडल्या पडल्या मला आठवलं की लिमिटच्या गणितात जे सगळ्यात आधी करायचं असतं तेच मी केलं नव्हतं. x ची किंमत ठेवून पाहिली नव्हती.

आधी किंमत ठेवा

x = 2 ठेवा. अंशात 4 − 2 − 6, म्हणजे −4. छेदात 4 − 4, म्हणजे 0. मिळालं −4/0. हे शून्य छेद शून्य नाही, आणि या एका गोष्टीने सगळा डाव बदलतो.

लिमिट आपल्याला x नेमका 2 असताना काय होतं हे विचारत नाही. x हा 2 च्या अगदी जवळ, पण 2 नसताना अपूर्णांक कुठे जातो, एवढंच विचारतं. छेद शून्याकडे जातोय आणि अंश −4 वर अडून बसलाय, तर एका ठाम आकड्याला आपण लहान होत जाणाऱ्या आकड्याने भागतोय. भागाकार फुगतच जाणार. x = 2.01 ठेवून कॅल्क्युलेटरवर करून पाहा, −99 येतं. x = 1.99 ठेवा, 101 येतं. एका बाजूने खोल खाली, दुसऱ्या बाजूने उंच वर. अशा गणिताला लिमिटच नाही. मग 3/4 ही चूक होती, आणि फोटोतल्या गणितासाठी 5/4 हीसुद्धा चूक होती. कुठल्याच आकड्याचा तिथे संबंध नव्हता.

आता अंश आणि छेद दोन्ही शून्य झाले तर? मग भांडण बरोबरीचं असतं. लहान होणारा अंश भागाकाराला शून्याकडे ओढतो, लहान होणारा छेद त्याला फुगवतो. कोण किती वेगाने लहान होतंय यावर निकाल ठरतो. तो 7 असू शकतो, 1/6 असू शकतो, 0 असू शकतो, किंवा कधी काहीच नसू शकतो. नुसत्या 0/0 वरून ते सांगता येत नाही, म्हणून त्याला अनिर्धार्य रूप म्हणतात. पोरं 0/0 आलं की "उत्तर शून्य" किंवा "उत्तर एक" लिहून मोकळी होतात. पण 0/0 हे उत्तर नाही, तो एक निरोप आहे. वर आणि खाली एकच शून्य लपलंय, ते शोधून काढा, एवढाच त्याचा अर्थ.

मी पुतणीला फोन केला. "तो कागद खिडकीपाशी धर आणि पहिल्या गणितातलं दुसरं चिन्ह बघ."

थोडा वेळ शांतता. मग, "काका, इथे घडी आहे. घडीवर एक बारीक उभी रेघ दिसतेय. ते वजा नाही, अधिक आहे."

लपलेलं शून्य

खरं गणित असं होतं:

lim (x→2) (x² + x − 6) / (x² − 4)

x = 2 ठेवा. अंश 4 + 2 − 6 = 0, छेद 4 − 4 = 0. आता खरंच शून्य छेद शून्य.

नववीत शिकलेला अवयव सिद्धांत इथे कामाला येतो. एखादी बहुपदी x = 2 ला शून्य होत असेल, तर (x − 2) हा तिचा अवयव असतोच. अंश आणि छेद दोन्ही 2 ला शून्य होतात, म्हणून दोघांत (x − 2) असणारच. शोधायला अंदाज लागत नाही, काय शोधायचं ते आधीच माहीत असतं.

अंश: x² + x − 6 = (x − 2)(x + 3)
छेद: x² − 4 = (x − 2)(x + 2)

x हा 2 नाही, फक्त जवळ आहे. म्हणून (x − 2) शून्य नाही आणि तो वरून-खालून काढून टाकायला हरकत नाही. उरलं (x + 3)/(x + 2). त्यात आता बिनधास्त 2 ठेवा, 5/4 मिळतं. पडताळा हवा तर x = 2.01 ला मूळ अपूर्णांक साधारण 1.249 येतो आणि 1.99 ला 1.251. दोन्हीकडून 1.25 कडे चाललाय. सूची बरोबर होती.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. फोटोतल्या चुकीच्या गणितातही अवयव पडतात आणि काहीतरी कटतं. x² − x − 6 म्हणजे (x − 3)(x + 2), आणि खाली (x − 2)(x + 2). कटला (x + 2), राहिला (x − 3)/(x − 2). घाईत वाटेल की काम झालं. पण कटलेला अवयव −2 पाशी शून्य होतो आणि आपलं गणित 2 पाशी आहे. छेदातला त्रास देणारा (x − 2) तसाच बसून आहे. म्हणून काही कटलं याचा आनंद मानण्याआधी कटलं ते आपल्याच जागेचं होतं का, हे बघायचं.

अनुबद्ध जोडी, पण वर आणि खाली

दुसरं न जुळलेलं गणित वर्गमुळाचं होतं.

lim (x→5) (√(x + 4) − 3) / (x − 5)

पुतणीचं उत्तर 1, सूचीचं 1/6. या वेळी मी शहाणा झालो होतो. x = 5 ठेवलं. वर √9 − 3 = 0, खाली 0. म्हणजे खरंच शून्य छेद शून्य आहे, आणि वरच्या करणीत कुठेतरी (x − 5) लपलाय. पण वर्गमुळाला सरळ अवयव पाडता येत नाहीत. मग त्याला बाहेर काढायचं कसं?

दहावीपर्यंत आपण छेदाचं परिमेयीकरण करतो. √5 − 2 ची अनुबद्ध जोडी √5 + 2, दोघांचा गुणाकार केला की वर्गमूळ जातं, कारण (a − b)(a + b) = a² − b². इथे तेच अंशावर करायचं. अंशाला √(x + 4) + 3 ने गुणलं की मिळतं (x + 4) − 9, म्हणजे नेमकं x − 5. लपलेला पाहुणा स्वतःहून बाहेर आला.

पुतणीने इथपर्यंत बरोबर केलं होतं. वर x − 5, खाली x − 5, दोन्ही कटले, उत्तर 1. चूक कुठे ते दिसलं का? तिने अंशाला √(x + 4) + 3 ने गुणलं, पण छेदाला गुणायची विसरली. अपूर्णांकाच्या फक्त वरच्या मजल्याला गुणलं तर अपूर्णांकच बदलतो. दोन्हीकडे गुणलं की असं दिसतं:

(x − 5) / [(x − 5)(√(x + 4) + 3)]

आता (x − 5) काढा, उरतं 1/(√(x + 4) + 3). x = 5 ठेवलं की 1/(3 + 3) = 1/6.

अशा वेळी अजून एक सवय मुलांना अडवते. खाली (x − 5)(√(x + 4) + 3) आलं की हात शिवशिवतात आणि कंस सोडवून चार पदं लिहिली जातात. मग (x − 5) परत गर्दीत हरवतो. ज्या बाजूची करणी घालवायची तिथेच गुणाकार सोडवायचा. दुसऱ्या बाजूला कंस तसेच ठेवायचे, कारण पुढच्याच ओळीत त्यातला एक जाणार आहे.

उत्तर 1 चुकलंय हे सूची न बघताही कळलं असतं. x = 5.01 घ्या. √9.01 साधारण 3.001666. त्यातून 3 वजा करून 0.01 ने भागा, 0.1666 येतं. हे 1 च्या आसपासही नाही.

पण या पडताळ्यालाही एक मर्यादा आहे. पुतणीने उत्साहाने x = 5.000000000001 घालून पाहिलं आणि तिच्या कॅल्क्युलेटरने शून्य दाखवलं. कारण सोपं आहे. तिचं यंत्र काही ठराविक अंकच धरून ठेवतं. वर्गमुळातला 3 नंतरचा इतका बारीक भाग त्याने टाकून दिला, आणि 3 वजा 3 शून्यच. पडताळ्यासाठी दशांशानंतर दोन-तीन स्थळं पुरतात. त्याहून जवळ गेलात तर यंत्र तुम्हाला फसवतं. तोच आकडा 1/(√(x + 4) + 3) मध्ये घातला तर मात्र काही बिघडत नाही, कारण तिथे दोन जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकीच उरलेली नाही.

"हॉस्पिटल"चा नियम

तिसरं गणित येण्याआधी पुतणीच्या लाडक्या हत्याराबद्दल बोलायला हवं. तिच्या क्लासमध्ये त्याला सगळे "हॉस्पिटल रूल" म्हणतात. शून्य छेद शून्य आलं की अंशाचं वेगळं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, छेदाचं वेगळं, आणि त्यांचा भागाकार पाहायचा. अकरावीच्या शाळेच्या पुस्तकाआधी तो क्लासमध्येच भेटतो.

नाव एका फ्रेंच सरदाराचं, लोपिताल. त्याच्या काळी हे नाव "हॉस्पिटल"सारखंच लिहीत, म्हणून आपल्याकडे तो दवाखाना झाला. १६९६ साली त्याने पॅरिसमध्ये डिफरन्शियल कॅल्क्युलसचं पहिलं पाठ्यपुस्तक छापलं आणि त्यात हा नियम आला. नियम मात्र त्याच्या गुरूचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावच्या योहान बर्नुलीचा. १६९४ मध्ये लोपितालने बर्नुलीला पत्र लिहून वर्षाला तीनशे लिव्र देऊ केले होते, आपल्याला नवे शोध कळवायचे आणि दुसऱ्या कुणाला सांगायचे नाहीत या बोलीवर. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने बर्नुली बंधूंचे आभार मानले, पण नियमाला नाव चिकटलं ते लोपितालचं. त्याच्या मृत्यूनंतर बर्नुलीने हक्क सांगितला तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. त्याची व्याख्यानं १९२२ साली छापली गेली आणि मग त्याचं म्हणणं लोकांना पटलं.

त्या पुस्तकातलं पहिलं उदाहरण पाहिलं की हा नियम का हवा होता ते कळतं. त्यातल्या a च्या जागी 1 ठेवला तर ते असं होतं:

lim (x→1) (√(2x − x⁴) − ∛x) / (1 − ⁴√(x³))

वर्गमूळ, घनमूळ आणि चौथं मूळ एकाच गणितात. अनुबद्ध जोड्या लावत बसलात तर संध्याकाळ होईल. डेरिव्हेटिव्ह घेतलं तर x = 1 पाशी अंशाचं −4/3 आणि छेदाचं −3/4 येतं. भागाकार 16/9. तीन ओळींत काम संपतं.

हा नियम चालतो का? पुतणीला मी हेच विचारलं. ती म्हणाली, "चालतो म्हणजे चालतो." मग मी तिला तिचंच गणित दुसऱ्या तऱ्हेने लिहायला लावलं. x च्या जागी 2 + h लिही, h म्हणजे 2 पासूनचं चिमुकलं अंतर.

x² + x − 6 चं होतं 5h + h²
x² − 4 चं होतं 4h + h²

h अगदी लहान असेल तर h² त्याहून कितीतरी लहान. h जर 0.01 असेल तर h² 0.0001. म्हणजे अंश जवळजवळ 5h, छेद जवळजवळ 4h. h काढून टाका, 5/4. आणि हे 5 आणि 4 कोण? x = 2 पाशीची दोघांची डेरिव्हेटिव्ह. डेरिव्हेटिव्ह म्हणजे तरी दुसरं काय, अंतर h ने बदललं की किंमत किती पट बदलते तेच. म्हणजे नियमाने केलं ते अवयवांनी केलं तेच. h हाच (x − 2). लपलेलं शून्य दोन्हीकडून काढलं, फक्त अवयव न पाडता.

आता फोटोतलं चुकीचं गणित याच तऱ्हेने लिहा:

x² − x − 6 चं होतं −4 + 3h + h²
x² − 4 चं होतं 4h + h²

नियमाने 3 आणि 4 उचलले आणि 3/4 सांगितलं. पण अंशात सगळ्यात मोठं पद होतं −4, आणि डेरिव्हेटिव्ह घेताना ठाम आकडा गळून पडतो. नियमाने नेमकी मुख्य गोष्टच फेकून दिली, आणि तक्रारही केली नाही. हा नियम लावल्यावर आपण चुकीच्या जागी आहोत असं तो सांगत नाही, काहीतरी सभ्य दिसणारं उत्तर देतो. माझ्यासारखा माणूस चहा पिताना फसतो तो याचमुळे. शून्य छेद शून्य, किंवा वर-खाली दोन्ही अनंताकडे जाणारं रूप, एवढ्या दोनच ठिकाणी तो वापरायचा. आधी किंमत ठेवून ते कागदावर लिहायचं, मगच डेरिव्हेटिव्हला हात लावायचा.

थांबायचं कुठे

तिसरं गणित याच चुकीचं धाकटं भावंड निघालं.

lim (x→0) (eˣ − 1) / (x² + x)

सूचीत 1, पुतणीच्या वहीत 1/2. किंमत ठेवली, वर 1 − 1 = 0, खाली 0. नियम लावायला परवानगी आहे. वरचं डेरिव्हेटिव्ह eˣ, खालचं 2x + 1. इथवर तिचं बरोबर. मग तिने लगेच पुन्हा डेरिव्हेटिव्ह घेतलं, वर eˣ, खाली 2, आणि x = 0 ठेवून 1/2 लिहिलं.

"दुसऱ्यांदा का घेतलंस?"

"मागच्या गणितात दोनदा घ्यायला लागलं होतं."

मागचं गणित होतं (1 − cos x)/x². तिथे एकदा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर sin x/2x येतं, आणि x = 0 ठेवलं की पुन्हा शून्य छेद शून्य. म्हणून दुसऱ्यांदा घ्यावं लागतं, मग cos x/2 वरून 1/2 मिळतं. इथे मात्र पहिल्याच पायरीनंतर eˣ/(2x + 1) मध्ये 0 ठेवलं की 1/1. शून्य छेद शून्य संपलं, गणित संपलं. पुढे गेली तेव्हा तिने 1/1 वर नियम लावला, जसा सकाळी −4/0 वर लावला होता.

म्हणजे किंमत ठेवून पाहणं फक्त सुरुवातीला नाही, दर पायरीला करायचं. मी तिला वहीत प्रत्येक ओळीच्या उजवीकडे छोट्या अक्षरात "0/0" लिहायला सांगितलं. ज्या ओळीपुढे ते लिहिता येत नाही, तिथे थांबायचं.

शेवटी मी तिला एक गणित माझ्याकडून घातलं, हत्याराचा माज थोडा उतरावा म्हणून. x अनंताकडे जाताना x/√(x² + 1) कुठे जातं? वर-खाली दोन्ही अनंताकडे, म्हणजे नियमाला परवानगी आहे. तिने लावला, आलं √(x² + 1)/x. अपूर्णांक उलटा झाला. पुन्हा लावला, मूळ गणित परत आलं. चार वेळा केल्यावर ती हसायला लागली. मग अंश आणि छेद दोघांना x ने भागलं. वर 1, खाली √(1 + 1/x²), आणि उत्तर 1, एका ओळीत.

संध्याकाळी ग्रुपवर तिने दुरुस्ती टाकली: "पहिल्या गणितात अधिक आहे, घडीमुळे वजा दिसतंय. 5/4 बरोबर. काका चुकले होते." शेवटचं वाक्य गाळलं असतं तरी चाललं असतं, पण असो. एका मुलाने उलट विचारलं की मग वजा धरून सोडवणाऱ्यांना 3/4 आलंच कसं. तिने त्याला −4 + 3h लिहून पाठवलं. मला वाटतं सोमवारच्या टेस्टची तिची खरी तयारी त्या एका ओळीत झाली.

आता तुमच्यासाठी एक, घरच्या अकरावी-बारावीच्या मुलांसोबत करायला:

lim (x→4) (x − 4) / (√x − 2)

आधी किंमत ठेवा. मग तीन रस्ते आहेत. x − 4 ला (√x − 2)(√x + 2) असं लिहून अवयवांनी, छेदाच्या अनुबद्ध जोडीने, किंवा डेरिव्हेटिव्हच्या नियमाने. तिन्ही रस्ते 4 ला पोचतात. एखादा दुसरीकडे पोचला तर गणिताचा फोटो मला पाठवा, पण कागदाची घडी आधी नीट उलगडा.